महापुराच्या दाव्यातला रिइन्स्टेटमेंट प्रीमियम

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. तेथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, यावरून शहरात किती पाणी शिरले असेल याची कल्पना यावी. गणपती पेठेतला घाऊक किराणा, मारुती रोडवरची कापडाची दुकाने, वाड्या-अपार्टमेंटांच्या तळमजल्यावरची वाहने, काठावरच्या गावांतली लहान-मोठी कारखानदारी यांचे विमा दावे त्यानंतर कित्येक महिने येत राहिले. मी मूळचा सांगलीचा, पण नोकरीने मुंबईत, एका पुनर्विमा कंपनीच्या ट्रीटी विभागात. विमा कंपन्या आपल्या अंगावरच्या जोखमीचा काही भाग आमच्याकडे उतरवतात आणि अशा मोठ्या नुकसानीत आम्ही त्यांना पैसे देतो. या पुरात एका मध्यम आकाराच्या विमा कंपनीला, म्हणजे आमच्या भाषेत सीडंट कंपनीला, दाव्याच्या पैशांचा पहिला हप्ता पोहोचल्यावर त्यांच्या पुनर्विमा विभागाच्या प्रमुख मॅडमनी एक प्रश्न लेखी विचारला आणि त्याचे उत्तर म्हणून टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या टिपणाची आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्ष चाललेल्या हिशेबाची ही हकीकत आहे. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून रकमा बदलल्या आहेत. त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण आणि गणित मात्र कामात होते तसेच ठेवले आहे.

त्यांचा करार एक्सेस ऑफ लॉस या प्रकारचा होता. अशा करारात एका घटनेतून होणारे एकूण निव्वळ नुकसान एका ठरावीक रकमेपर्यंत सीडंटने स्वतः सोसायचे असते आणि त्यावरचे नुकसान पुनर्विमा कंपन्यांनी थराथराने उचलायचे असते. येथे कंपनीने पहिले २० कोटी स्वतःकडे ठेवले होते. त्यावरचे ४० कोटी हा पहिला लेयर, आणि ६० कोटींच्या वरचे आणखी ६० कोटी हा दुसरा. कराराची मुदत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२० होती. पहिल्या लेयरचा ठेव प्रीमियम, म्हणजे अंतिम प्रीमियम ठरेपर्यंतचा तात्पुरता प्रीमियम, ६ कोटी आणि दुसऱ्याचा ३ कोटी ६० लाख होता. दोन्ही लेयरना एक-एक रिइन्स्टेटमेंट होते, म्हणजे नुकसानीत लेयरचा जेवढा भाग खर्ची पडेल तेवढा पुन्हा भरून मिळण्याची सोय एकदा होती, आणि त्याची किंमत कराराच्या स्लिपवर एका ओळीत लिहिली होती: रकमेच्या प्रमाणात, वेळेच्या दृष्टीने १०० टक्के. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या एका ओळीभोवती फिरला.

पहिला हप्ता मागितला तेव्हा कंपनीने चुकते केलेले निव्वळ दावे, सर्व्हेअरांच्या फीसह, ३८ कोटींवर आले होते. त्यातले २० कोटी त्यांचे. म्हणून पहिल्या लेयरवर १८ कोटी आले. आमचा हिस्सा ३० टक्के असल्याने आमच्याकडून ५ कोटी ४० लाख येतील असे त्यांनी धरले होते, आणि पोहोचले ४ कोटी ५९ लाख. ब्रोकरने पाठवलेल्या हिशेबाच्या पत्रकात ८१ लाखांची वजावट रिइन्स्टेटमेंट प्रीमियम या नावाखाली दाखवली होती, पण तिच्या पुढे गणित नव्हते. मॅडमचा प्रश्न सरळ होता. पूर येऊन गेला, दावा मान्य झाला, सर्व्हेअरच्या अहवालावर कुणाचा आक्षेप नाही, मग मान्य झालेल्या दाव्यातून १५ टक्के कशाबद्दल कापले?

हा प्रश्न ज्या पद्धतीने विचारला होता त्यातच उत्तराची दिशा होती असे मला वाटले. कापले, असा शब्द त्यांनी वापरला होता, कारण पत्रकात ती रक्कम दाव्याच्या खाली वजा करून दाखवली होती आणि वाचणाऱ्याला ती दाव्याची कपात वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः तेथे दोन वेगळे व्यवहार एका ओळीत आले होते. एक, १८ कोटींचा दावा, जो आम्ही सर्वांनी मिळून पूर्ण दिला. दोन, खर्ची पडलेले १८ कोटींचे संरक्षण वर्षाच्या उरलेल्या काळासाठी पुन्हा उभे करण्याची खरेदी, जिची किंमत त्यांनी आम्हाला द्यायची होती. देणे आणि घेणे एकाच दिवशी असल्याने दोन धनादेशांऐवजी फरकाचा एकच गेला. म्हणून टिपणाच्या पहिल्या परिच्छेदात मी दोन्ही रकमा वेगवेगळ्या लिहिल्या आणि फरकाची रक्कम सर्वांत शेवटी आणली.

दुसऱ्या परिच्छेदात मी त्यांच्याच रोजच्या कामातला दाखला घेतला. या मॅडम पुनर्विमा विभागात येण्यापूर्वी बरीच वर्षे अग्निविम्याचे दावे पाहत होत्या, हे मला ठाऊक होते. आपल्याकडच्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत एक अट असते की दावा दिल्यानंतरही विमा रक्कम पूर्ववत राहील, आणि त्याबद्दल दाव्याच्या रकमेवर, नुकसानीच्या तारखेपासून पॉलिसी संपेपर्यंतच्या काळाचा प्रीमियम विमेदाराने द्यावा. तो देय दाव्यातून वजा केला जाईल. म्हणजे गणपती पेठेतल्या ज्या व्यापाऱ्याचा ५० लाखांचा माल भिजला, त्याच्या दाव्यातून या कंपनीने स्वतः हीच वजावट केली होती, आणि तो व्यापारी शाखेत येऊन अगदी याच शब्दांत विचारत होता. त्याला शाखेतून जे उत्तर मिळते तेच उत्तर एक पायरी वर आमच्याकडून त्यांना होते. हे वाचल्यावर त्यांचा मूळ आक्षेप मावळला, असे त्यांनी कळवले. पण त्याच दाखल्यातून दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न निघाला. त्याकडे वळण्याआधी गणित सांगतो.

रिइन्स्टेटमेंट प्रीमियम काढायला तीनच आकडे लागतात: त्या लेयरवर आलेले नुकसान, त्या लेयरची मर्यादा आणि त्या लेयरचा प्रीमियम. नुकसानीला मर्यादेने भागायचे आणि येणाऱ्या अपूर्णांकाने प्रीमियमला गुणायचे. येथे १८ भागिले ४० म्हणजे ४५ टक्के. ६ कोटींचे ४५ टक्के म्हणजे २ कोटी ७० लाख. हा सर्व पुनर्विमा कंपन्यांचा मिळून आकडा. आमच्या ३० टक्क्यांचे त्यातले ८१ लाख. मॅडमनी जे १५ टक्के म्हटले होते ते कोठून आले, हेही याच मांडणीत दिसते. ६ कोटी हे ४० कोटींचे १५ टक्के आहेत. किंमत वेळेच्या दृष्टीने १०० टक्के असेल तर लेयरवर येणाऱ्या प्रत्येक रुपयामागे रिइन्स्टेटमेंट प्रीमियम तेवढ्याच प्रमाणात येतो, नुकसान लहान असो वा मोठे. त्यामुळे पत्रक हाती आल्यावर पडताळणीची एक सोपी रीत आहे: रिइन्स्टेटमेंट प्रीमियमचे नुकसानीशी प्रमाण आणि लेयरच्या प्रीमियमचे लेयरच्या मर्यादेशी प्रमाण, ही दोन्ही सारखी यायला हवीत. ती सारखी नसतील तर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. एका लेयरच्या गणितात दोन्ही लेयरचा एकत्र प्रीमियम घेतलेला असतो, किंवा नुकसानीचा आकडा सर्वांचा आणि प्रीमियमचा आकडा एकाच कंपनीच्या हिश्शाचा असतो. हे दोन्ही प्रकार मी पत्रकांत पाहिले आहेत आणि दोन्ही या एका भागाकाराने पकडता येतात.

आता वेळेचा प्रश्न. अग्निविम्याच्या अटीत प्रीमियम उरलेल्या काळापुरता असतो. मग पुनर्विम्यात पूर्ण वर्षाचा का, असे मॅडमचे म्हणणे पडले. पुराची तारीख ६ ऑगस्ट धरली तर ३१ मार्चपर्यंत २३९ दिवस उरतात आणि २०२० हे लीप वर्ष असल्याने कराराचे एकूण दिवस ३६६ होतात. त्या प्रमाणात २ कोटी ७० लाखांचे सुमारे १ कोटी ७६ लाख झाले असते. ९४ लाखांचा फरक काही थोडका नव्हता, आणि त्यांनी तो आकड्यासह मांडला होता.

दाव्यांच्या कामासाठी त्या तेव्हा सांगलीतच मुक्काम करून होत्या आणि मलाही घरी जायचे होते, म्हणून हे बोलणे पत्राऐवजी समोरासमोर करायचे ठरले. विश्रामबागेतल्या त्यांच्या तात्पुरत्या कार्यालयात दाव्यांच्या फायलींचे ढीग रचलेले होते आणि बाहेर दुकानदारांची रांग होती. मी स्लिपची प्रत बरोबर नेली होती. त्या म्हणाल्या, “साहेब, आम्ही व्यापाऱ्याला दिवस मोजून प्रीमियम लावतो. तुम्ही आम्हाला दिवस न मोजता लावता. हे मी माझ्या वरिष्ठांना कोणत्या तोंडाने सांगू?” मी त्यांना आधी स्लिपवरची ओळ दाखवली, कारण करारात काय ठरले होते ते आधी आणि ते तसे का ठरले ते नंतर, हाच क्रम योग्य आहे. वेळेच्या दृष्टीने १०० टक्के याचा अर्थ नुकसान एप्रिलमध्ये होवो की मार्चमध्ये, दिवस मोजायचे नाहीत. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत्या. एखाद्या करारात याऐवजी वेळेच्याही प्रमाणात असे लिहिलेले असते. तेथे दिवस मोजावेच लागतात, आणि ते पुनर्विमा कंपनीने मोजले नाहीत तर सीडंटने हक्काने परत मागावे.

पण तसे का ठरले हेही त्यांना समजायला हवे होते, कारण वरिष्ठांपुढे केवळ कलम वाचून दाखवणे पुरेसे झाले नसते. आगीचा धोका वर्षभर साधारण सारखा पसरलेला असतो, म्हणून तेथे दिवसांच्या प्रमाणात प्रीमियम लावणे न्याय्य आहे. पुराचा धोका तसा नसतो. आपल्या भागात तो जवळपास सगळा जून ते ऑक्टोबरात एकवटलेला असतो. जानेवारी ते मार्चचे ९१ दिवस कॅलेंडरात वर्षाचा चौथा हिस्सा आहेत, पण कृष्णाकाठच्या पुराच्या जोखमीत त्यांचा वाटा नगण्य आहे. दिवस मोजणे हे त्यामुळे जोखीम मोजणे ठरत नाही. मॅडमनी यावर जो प्रतिप्रश्न केला तो मला आजही चोख वाटतो. त्या म्हणाल्या, जर जोखमीप्रमाणेच जायचे असेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर पावसाळ्याची निम्मी जोखीम तरी संपलेली असते, मग निम्मी किंमत लावा. तर्क म्हणून हे बरोबर आहे. माझे उत्तर असे होते की हा भाव एकाच घटनेसाठी ठरलेला नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात नुकसान झाले असते तर पूर्ण पावसाळ्याचे संरक्षण त्यांना याच किमतीत परत मिळाले असते, आणि आम्हाला जास्त मागता आले नसते. घटना कधी होईल हे न कळता दोघांनी एक ठरावीक भाव मान्य केला, आणि लेयरचा मूळ प्रीमियम तो भाव गृहीत धरूनच बसवला गेला. त्यांना दिवसांच्या प्रमाणात हवे असेल तर पुढच्या नूतनीकरणात तसा भाव मागता येईल, मूळ प्रीमियम त्यानुसार वाढेल, आणि दोन्हींची तुलना करून त्यांनी निवडावे, एवढे मी सांगितले.

घेतलेली वस्तू नेमकी काय होती, हे त्याच बैठकीत आणखी स्पष्ट करावे लागले. त्यांच्या एका सहकाऱ्याचा समज होता की एक रिइन्स्टेटमेंट असल्याने याच पुरासाठी पहिल्या लेयरमधून ४० अधिक ४० असे ८० कोटी मिळू शकतील. तसे नसते. एका घटनेला लेयरमधून मिळणारी कमाल रक्कम ४० कोटीच राहते. पुन्हा भरलेले ४० कोटी त्या मुदतीत होणाऱ्या दुसऱ्या घटनेसाठी असतात. संरक्षण पुन्हा उभे राहते ते नुकसान घडल्या क्षणापासून, आणि त्यासाठी वेगळी विनंती करावी लागत नाही. त्याचे पैसे मात्र दावा चुकता होतो तेव्हा द्यायचे असतात. आणि दुसऱ्या घटनेने पुन्हा भरलेले ४० कोटी वापरले तर त्या रकमेवर रिइन्स्टेटमेंट प्रीमियम लागत नाही, कारण आता तिसऱ्यांदा भरून द्यायचे काही उरलेले नसते. ही शेवटची बाब सीडंट कंपन्यांच्या हिशेबात फार वेळा निसटते. पहिल्या ४० कोटींतून ६ कोटी जातात, पण दुसरे ४० कोटी पूर्ण हातात येतात.

हे केवळ कागदावरचे बोलणे नव्हते. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात ढगफुटीसारखा पाऊस होऊन आंबिल ओढ्याने काठच्या वस्त्यांत हाहाकार केला. या कंपनीचा पुण्यात मोठा व्यवसाय होता. त्या रात्रीचे त्यांचे नुकसान २० कोटींच्या आतच राहिले, म्हणून लेयरला हात लागला नाही. पण ते पुढे गेले असते तर पहिला लेयर पूर्ण ४० कोटींनी त्यांच्या मागे उभा होता, सांगलीच्या दाव्यांनी तो एकदा संपवला असूनही.

एक घटना म्हणजे काय, हाही मुद्दा या पुरात होता, पण त्यावर वाद झाला नाही. या करारात पुरासाठी सलग १६८ तासांत झालेले नुकसान एक घटना मानायचे होते आणि ते तास कधीपासून मोजायचे ते सीडंटने ठरवायचे होते. सांगली-कोल्हापूरचे पाणी आठवड्याहून जास्त काळ रेंगाळले. तारखांप्रमाणे दावे लावून पाहता जवळजवळ सगळे नुकसान एका १६८ तासांत बसत होते, म्हणून त्यांनी एकच घटना जाहीर केली. दोन घटना केल्या असत्या तर २० कोटींचा स्वतःचा भार दोनदा सोसावा लागला असता.

पुढच्या काही महिन्यांत दावे वाढत गेले, आणि निव्वळ नुकसान ७४ कोटींवर पोहोचले. येथे दुसरे टिपण लागले, कारण आता पहिला लेयर पूर्ण भरला होता आणि दुसऱ्यात १४ कोटी गेले होते. ब्रोकरच्या नव्या पत्रकात फक्त नव्याने आलेल्या रकमेवर गणित केलेले होते. त्यात उत्तर चुकलेले नव्हते, पण ती पद्धत धोक्याची असते. एखादा हप्ता मध्येच दुरुस्त झाला की सुट्या सुट्या गणितांची बेरीज जुळेनाशी होते. म्हणून मी टिपणात दरवेळी आरंभापासूनचे एकूण नुकसान घेऊन, त्यावरचा एकूण रिइन्स्टेटमेंट प्रीमियम काढून, त्यातून आधी घेतलेला वजा करण्याची रीत मांडली. पहिल्या लेयरवर एकूण नुकसान ४० कोटी, म्हणजे एकूण रिइन्स्टेटमेंट प्रीमियम पूर्ण ६ कोटी. आधी घेतलेले २ कोटी ७० लाख. आता देय ३ कोटी ३० लाख. दुसऱ्या लेयरवर १४ भागिले ६०, गुणिले ३ कोटी ६० लाख, म्हणजे ८४ लाख. दुसऱ्या लेयरमध्ये रुपयामागे ६ पैसेच जातात, कारण तो लेयर वरचा असल्याने त्याचा प्रीमियम मर्यादेच्या मानाने कमी असतो. दोन्ही लेयरची टक्केवारी एकत्र करून सरासरी काढणे टाळावे, असे मी येथे मुद्दाम लिहिले. प्रत्येक लेयर हा स्वतंत्र करार आहे आणि त्यांतल्या पुनर्विमा कंपन्यांचे हिस्सेही वेगवेगळे असतात.

सर्वांत जास्त स्पष्टीकरण मात्र त्यानंतर, करार संपल्यावर लागले. ६ कोटी आणि ३ कोटी ६० लाख हे ठेव प्रीमियम होते. अंतिम प्रीमियम कंपनीच्या त्या वर्षाच्या निव्वळ प्रीमियम उत्पन्नावर ठरायचा होता, पहिल्या लेयरला १.५ टक्के आणि दुसऱ्याला ०.९ टक्के दराने. वर्षअखेरीस हे उत्पन्न ४६० कोटी निघाले. त्यामुळे पहिल्या लेयरचा प्रीमियम ६ कोटी ९० लाख आणि दुसऱ्याचा ४ कोटी १४ लाख झाला. मूळ प्रीमियमचा फरक द्यावा लागेल हे त्यांच्या लेखा विभागाला माहीत होते आणि त्याची तरतूदही होती. पण रिइन्स्टेटमेंट प्रीमियम ज्या प्रीमियमवर मोजला तोच बदलल्यामुळे तोही नव्याने मोजावा लागतो, याची तरतूद नव्हती. पहिल्या लेयरचा तो ६ कोटींवरून ६ कोटी ९० लाखांवर गेला. दुसऱ्याचा ८४ लाखांवरून ९६ लाख ६० हजारांवर. पूर येऊन वर्ष उलटले असताना, नवा कोणताही दावा नसताना, १ कोटी २ लाख ६० हजारांची आणखी मागणी त्यांच्या टेबलावर आली, आणि त्यांच्या लेखा विभागाने ती चुकीची आहे असे समजून परत पाठवली.

मला त्यांचा रोष समजत होता. आम्ही पहिल्याच टिपणात २ कोटी ७० लाखांच्या आकड्यापुढे हा ठेव प्रीमियमवर काढलेला तात्पुरता आकडा आहे असे लिहिले होते, पण एका वाक्याने वर्षभरानंतरची मागणी लक्षात राहत नाही. तिसऱ्या टिपणात मी दोन रकाने केले: डावीकडे ठेव प्रीमियमवरचे आकडे, उजवीकडे अंतिम प्रीमियमवरचे, आणि नुकसान दोन्हींत तेच. नुकसान आणि मर्यादा जागच्या जागी आहेत, हललेला आहे तो फक्त प्रीमियम, हे त्या मांडणीत एका नजरेत दिसत होते. हे समायोजन दोन्ही दिशांनी होऊ शकते का, असे त्यांनी विचारले. ठेव प्रीमियम हाच किमान प्रीमियमही असल्याने उत्पन्न कमी निघाले असते तरी प्रीमियम ६ कोटींच्या खाली आला नसता, आणि म्हणून रिइन्स्टेटमेंट प्रीमियमही कमी झाला नसता. हे उत्तर ऐकायला कडू होते, पण ते लपवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर उलट दिशेचा प्रसंगही आला. काही मोठे दावे अंदाजापेक्षा कमी रकमेत मिटले, भिजलेल्या मालाच्या विक्रीतून काही वसुली झाली, आणि निव्वळ नुकसान ७४ वरून ७१ कोटींवर उतरले. कमी झालेली रक्कम नेहमी वरच्या लेयरमधून उतरते. म्हणून पहिला लेयर ४० कोटींवर तसाच राहिला आणि दुसऱ्याचे नुकसान १४ वरून ११ कोटी झाले. कंपनीने ३ कोटी आम्हा सर्वांना परत पाठवले, पण त्यासोबत मागायला हवा होता तो रिइन्स्टेटमेंट प्रीमियमचा परतावा मागितला नाही. ११ भागिले ६०, गुणिले ४ कोटी १४ लाख म्हणजे ७५ लाख ९० हजार. आधी घेतलेले ९६ लाख ६० हजार होते. २० लाख ७० हजार त्यांचे आमच्याकडे होते, आणि ते आम्ही आपणहून हिशेबात जमा दाखवून कळवले. नुकसान वाढले की रिइन्स्टेटमेंट प्रीमियम घ्यायला पुनर्विमा कंपनी विसरत नाही. नुकसान उतरल्यावर तो परत घेण्याची आठवण सीडंटने स्वतः ठेवावी, कारण दाव्याची परतफेड एका विभागातून जाते आणि प्रीमियमचा हिशेब दुसऱ्या. दोन्हींची नोंद एका पत्रकात नसेल तर हे पैसे राहूनच जातात.

शेवटचा हिशेब असा झाला. एकूण नुकसान ७१ कोटी, त्यातले पुनर्विम्यातून ५१ कोटी, आणि रिइन्स्टेटमेंट प्रीमियम दोन्ही लेयर मिळून ७ कोटी ६५ लाख ९० हजार. म्हणजे या पुराचा त्यांच्यावर पडलेला भार २० कोटी नसून २७ कोटी ६६ लाखांच्या जवळपास होता. असा आकडा त्यांना पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या अंदाजालाच काढता आला असता, आणि येथे माझे मत स्पष्ट आहे. रिइन्स्टेटमेंट प्रीमियमची तरतूद दावा मिळण्याची वाट न पाहता नुकसानीच्या अंदाजावर, थकीत दाव्यांसह, त्याच तिमाहीत करायला हवी. पुनर्विम्यातून येणे असलेली रक्कम ताळेबंदात पूर्ण दाखवायची आणि तिच्यामागचा रिइन्स्टेटमेंट प्रीमियम पैसे येतील तेव्हा बघू म्हणून सोडायचा, यामुळे सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत त्यांचे नुकसान दिसले त्याहून प्रत्यक्षात मोठे होते. मॅडमनी पुढच्या वर्षापासून दाव्याच्या अंदाजपत्रकातच प्रत्येक लेयरसमोर एक रकाना वाढवला आणि त्यात नुकसानीचा अंदाज बदलला की रिइन्स्टेटमेंट प्रीमियमही आपोआप बदलेल असे सूत्र बसवले, ठेव प्रीमियमऐवजी वर्षअखेरच्या अपेक्षित प्रीमियमवर. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पुन्हा पूर आला तेव्हा त्यांच्याकडून आलेल्या पहिल्या सूचनापत्रात नुकसानीच्या अंदाजाखालीच रिइन्स्टेटमेंट प्रीमियमचा त्यांचा आकडा लिहिलेला होता. आम्ही तो आमच्या गणिताशी ताडून पाहिला आणि जुळतो असे कळवले.